कार्डावरचे दोन टक्के बिलात कुठे लिहायचे? जीएसटी दर महिन्याला थोडा थोडा चुकतो, त्याची तपासणी

दुकानांचे हिशेब लिहिणं हे माझं काम. कापड, फर्निचर, मोबाइल, सगळ्या प्रकारची दुकानं बघतो, आणि एक चूक मी इतक्या ठिकाणी दुरुस्त केली आहे की आता बिल हातात आलं की नजर आधी तिथेच जाते. गिऱ्हाईक क्रेडिट कार्ड काढतं, काउंटरवरचा मुलगा सांगतो, ‘दोन टक्के जादा लागतील’, गिऱ्हाईक मान डोलावतं. पैसे येतात, पण बिलात ते भलत्याच जागी बसतात किंवा बसतच नाहीत.

लक्षणं

पुढच्यापैकी एखादी गोष्ट दिसत असेल तर पुढे वाचा.

मशीनच्या स्लिपवरची रक्कम आणि बिलाची रक्कम जुळत नाही, स्लिप नेहमी थोडी मोठी असते. बिलात कराच्या ओळींच्या खाली ‘कार्ड चार्ज’, ‘स्वाइप चार्ज’ किंवा ‘बँक चार्जेस’ अशी ओळ येते आणि तिच्यावर कर लागलेला नसतो. किंवा लागतो, पण माल पाच टक्क्यांचा आणि या ओळीवर मात्र अठरा. जीएसटी नंबर असलेलं गिऱ्हाईक फोन करून म्हणतं, ‘तुमचं बिल आणि पोर्टलवर माझ्या खरेदीची जी यादी दिसते, त्या २बी मधला आकडा वेगळा आहे.’ आणि सगळ्यात गुपचूप लक्षण म्हणजे टॅलीत ‘बँक चार्जेस’ या खर्चाच्या खात्याला महिन्यात जमेच्या नोंदी दिसतात. खर्चाच्या खात्यात जमा दिसली की समजायचं, गिऱ्हाइकाकडून घेतलेले दोन टक्के तिथे जिरवले आहेत.

आधी एकच गोष्ट पक्की करू

दुकानदाराचं म्हणणं ठरलेलं असतं: ‘अहो, ते पैसे बँकेचे. आपल्याकडे राहतात कुठे? मग त्यावर कर कसला?’

हे ऐकायला बरोबर वाटतं, पण व्यवहार दोन आहेत. बँक तुम्हाला मशीनची सेवा देते आणि तिचं कमिशन तुमच्याकडून कापते. तो बँकेचा आणि तुमचा व्यवहार. त्यात गिऱ्हाईक कुठेच नाही. तुम्ही तो खर्च भरून काढायला गिऱ्हाइकाकडून जादा पैसे घेता, तो तुमचा आणि गिऱ्हाइकाचा व्यवहार. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १५(२) सांगतं की विक्रेत्याने खरेदीदाराकडून घेतलेले आनुषंगिक खर्च, कमिशन आणि पॅकिंगसुद्धा, पुरवठ्याच्या मूल्यातच धरायचे. म्हणजे कार्डाचे दोन टक्के हे मालाच्या किमतीचाच भाग. मालाला जो दर, तोच त्यांना. वेगळी सेवा म्हणून अठरा नाही आणि करमुक्तही नाही.

काही जण ‘प्युअर एजंट’चा नियम पुढे करतात, म्हणजे गिऱ्हाइकाच्या वतीने पैसे भरले आणि तेवढेच वसूल केले. नियम ३३ च्या अटी इथे बसत नाहीत, कारण बँकेची सेवा गिऱ्हाइकाने मागितलेली नाही, तुम्हीच घेतली आहे.

तपासणी १: हे पैसे घ्यायचे होते का?

ही तपासणी फुकट आहे, म्हणून पहिली. गेल्या आठवड्यातल्या दहा-पंधरा स्लिपा काढा आणि कार्डाचा प्रकार बघा. डेबिट कार्ड असेल तर गोष्ट तिथेच थांबते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये डेबिट कार्डाच्या कमिशनवर मर्यादा घातली तेव्हाच बँकांना बजावलं होतं की तुमच्या दुकानदारांनी हा खर्च गिऱ्हाइकावर टाकता कामा नये. रुपे डेबिट आणि खात्यातून होणारं साधं यूपीआय यांच्यावर तर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला कमिशनच नाही, मग वसूल काय करणार?

राहिलं क्रेडिट कार्ड. त्यासाठी मशीन घेताना सही केलेला करार काढा. फायलीत सापडत नसेल तर बँकेला मेल करून मागवा. जादा आकारणीला मनाई असेल तर त्यात लिहिलेलं असतं. छापील एमआरपीच्या पाकीटबंद मालाला आणखी एक अडचण आहे. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्याच्या वर घेता येत नाही, मग कारण कार्डाचं असलं तरी.

एक लक्षात घ्या. घ्यायला नको होते आणि तरी घेतले, तरी कर टळत नाही. पैसे आलेत म्हणजे मूल्यात आलेत. चुकीने घेतलेले पैसे परत करणं हा वेगळा मार्ग, पण ठेवले असतील तर त्यावरचा कर भरावाच लागतो.

तपासणी २: छापील बिलावर पट्टी ठेवा

बिल घ्या आणि करयोग्य मूल्याच्या बेरजेखाली पट्टी ठेवा. कार्डाची ओळ पट्टीच्या वर असायला हवी. खाली असेल तर तिच्यावर कर लागलेला नाही.

एका कापड दुकानातलं लग्नाच्या खरेदीचं बिल उदाहरणाला घेऊ. आकडे गोल केले आहेत. एक पैठणी ४०,००० रुपयांची, तिला ५ टक्के. एक तयार शेरवानी १०,००० ची. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० च्या वरच्या तयार कपड्यांना १८ टक्के. दोन्ही किमती कराशिवायच्या.

माल ५०,०००. पैठणीवर कर २,०००, शेरवानीवर १,८००. बिल ५३,८००. काउंटरवरच्या मुलाने त्यावर दोन टक्के काढले, १,०७६, आणि मशीनवर ५४,८७६ टाकले. बिलात कराखाली ओळ आली: ‘कार्ड चार्ज १,०७६’.

आता बरोबर बिल करू. मालाच्या मूल्यावर दोन टक्के म्हणजे १,०००. ते दोन्ही वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटायचे, म्हणजे पैठणीवर ८०० आणि शेरवानीवर २००. पैठणीचं करयोग्य मूल्य ४०,८००, कर २,०४०. शेरवानीचं १०,२००, कर १,८३६. मूल्य ५१,००० आणि कर ३,८७६, मिळून ५४,८७६.

बेरीज तीच आली. ही गोष्ट मी दुकानदाराला कागदावर करून दाखवतो, कारण ‘बरोबर बिल केलं की गिऱ्हाइकाला जास्त पडेल’ ही भीती तिथेच संपते. गिऱ्हाइकाने दिलेल्या १,०७६ मध्ये १,००० मूल्य होतं आणि ७६ कर. चुकीच्या बिलात ते ७६ रुपये सरकारचे असून दुकानात राहिले. एका बिलाला ७६ काहीच नाहीत, पण लग्नसराईत दिवसाला वीस-पंचवीस कार्डं घासली जातात आणि ही चूक प्रत्येक बिलात तशीच उतरते.

तपासणी ३: दर कुठला लागला?

ओळ पट्टीच्या वर आहे, कर लागला आहे, तरी दर बघाच. ‘बँकेचा चार्ज म्हणजे सेवा, सेवेला अठरा’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. वरच्या बिलात १,००० वर सरसकट १८ टक्के लावले तर १८० कर होतो, बरोबर कर होता ७६. गिऱ्हाइकाकडून १०४ रुपये जास्त घेतले. कर म्हणून घेतलेली रक्कम दुकानदाराला ठेवता येत नाही, ती सरकारला भरावीच लागते. म्हणजे गिऱ्हाईकही नाराज आणि हातात काही नाही.

ज्या दुकानात सगळाच माल अठरा टक्क्यांचा आहे, तिथे ही चूक वर्षानुवर्षं दिसत नाही, कारण दोन्ही वाटांनी आकडा तोच येतो. पाच टक्क्यांची एखादी वस्तू दुकानात आली की फुटते.

तयार कपड्यांच्या दुकानात इथे एक खड्डा आहे. शर्ट २,४८० चा असेल तर तो २,५०० च्या आत, दर ५ टक्के. कार्डाचे दोन टक्के म्हणजे ४९ रुपये ६० पैसे धरले की मूल्य होतं २,५२९ रुपये ६० पैसे. दराची मर्यादा विक्री मूल्यावर आहे आणि कार्डाचे पैसे मूल्यात येतात, म्हणजे शर्ट अठरा टक्क्यांत जाण्याचा धोका आहे. पन्नास रुपयांसाठी तीनशेच्या वर कर अंगावर! २,४०० ते २,५०० च्या मालावर कार्डाचा चार्ज घेऊच नका, हा माझा सरळ सल्ला.

उलट्या बाजूचा एक गैरसमजही इथेच काढून टाकू. ‘दोन हजारांपर्यंतच्या कार्ड व्यवहाराला जीएसटी माफ आहे ना?’ आहे, पण ती माफी बँक तुमच्याकडून घेते त्या कमिशनवर. तुम्ही गिऱ्हाइकाकडून घेता त्या पैशाशी तिचा संबंध नाही.

तपासणी ४: टॅलीतलं खातं

बहुतेक वेळा मूळ दुखणं इथे सापडतं. कुणीतरी घाईत ‘कार्ड चार्ज’ नावाचं खातं उघडलेलं असतं आणि त्याची जीएसटीची खूण चुकीची असते. खात्याला कर लागूच केला नसेल आणि मूल्यात धरायलाही सांगितलं नसेल, तर पहिली चूक होते. खात्यालाच १८ टक्के दर बांधला असेल तर दुसरी.

पाहिजे असं की खात्याचा स्वतःचा दर नसावा, त्याने मालाच्या मूल्यात मिसळावं आणि किमतीच्या प्रमाणात वाटलं जावं. टॅलीत खातं दुरुस्तीसाठी उघडा आणि या तीन ओळी अशा ठेवा:

```
Include in assessable value calculation for : GST
Appropriate to                              : Goods
Method of calculation                       : Based on Value
```

खातं `Indirect Incomes` खाली ठेवा, खर्चाखाली नको. मग वरचंच बिल चाचणीसाठी भरा: पैठणी ४०,०००, शेरवानी १०,०००, कार्ड चार्ज १,०००. कर ३,८७६ आला तर खातं बरोबर. ३,८०० आला तर चार्ज मूल्यात मिसळलेला नाही. ३,९८० आला तर खात्याला अठरा टक्के चिकटलेले आहेत. चाचणीचं बिल नंतर काढून टाकायला विसरू नका, मी एकदा विसरलो होतो आणि महिनाअखेरीला एक पैठणी स्टॉकमधून गायब झाली.

सेटिंग बरोबर असूनही ३,८०० येत असेल तर ओळींचा क्रम बघा. बिल भरताना आधी कार्ड चार्जचं खातं, मग सीजीएसटी आणि एसजीएसटी. कराच्या ओळी आधी टाकल्या तर कर तेव्हाच्या मूल्यावर काढला जातो आणि नंतर आलेला चार्ज बाहेर राहतो. कराच्या ओळी खोडून पुन्हा टाका.

तपासणी ५: बिल आधी, कार्ड नंतर

खातं दुरुस्त केलं, चाचणी पास झाली, तरी पुढच्या महिन्यात स्लिपा जुळत नाहीत. असं झालं तर दोष सॉफ्टवेअरचा नाही, काउंटरचा आहे. एका दुकानात मी अर्धा दिवस नुसता गल्ल्याशेजारी बसलो होतो. मुलगा ५३,८०० चं बिल छापायचा, गिऱ्हाईक कार्ड काढायचं, मग तो कॅल्क्युलेटरवर दोन टक्के काढून मशीनवर ५४,८७६ टाकायचा. बिल पुन्हा काढणार कोण? गर्दी असते. ते १,०७६ रुपये कुठल्याच बिलात नव्हते.

उपाय म्हणजे बिल पक्कं करण्याआधी ‘पैसे कसे देणार?’ हा प्रश्न विचारायचा. गिऱ्हाईक समोरच असेल तर जुनं बिल रद्द करून नवं काढा. माल आणि बिल दोन्ही गेलं असेल तर फरकाची डेबिट नोट काढावी लागते, कलम ३४ त्यासाठीच आहे. १,००० मूल्य आणि ७६ कर, मूळ बिलाच्या नंबरासकट.

माल परत आला तर हाच हिशेब उलटा चालतो. पैठणी परत घेऊन कार्डाचे पैसेही परत देत असाल तर क्रेडिट नोट ४०,८०० अधिक कर अशी निघेल.

तपासणी ६: बँकेची बाजू

आता दुसऱ्या खिशाकडे. समजा बँकेचं कमिशन दोन टक्के आहे. ५४,८७६ वर ते १,०९७ रुपये ५२ पैसे, त्यावर १८ टक्के जीएसटी १९७ रुपये ५५ पैसे. खात्यात येतात ५३,५८० रुपये ९३ पैसे. इथे दोन चुका होतात. एक, खात्यात आलेला आकडाच विक्री म्हणून लिहिला जातो. विक्री बिलाएवढीच, म्हणजे ५४,८७६, आणि कमिशन वेगळा खर्च. दोन, ते १९७ रुपये ५५ पैसे कमिशनमध्येच खर्ची पडतात. ती तुमची इनपुट क्रेडिट आहे. बँकेला तुमचा जीएसटी नंबर दिलेला असेल तर ती २बी मध्ये दिसते. मी पाहिलेल्या निम्म्याहून जास्त दुकानांत बँकेकडे नंबर नोंदवलेलाच नव्हता. नोंदवायला एक अर्ज लागतो.

गिऱ्हाइकाकडून आलेले १,००० आणि बँकेला गेलेले १,०९७ एकमेकांत वळते करून टाकायचे नाहीत. वळते केले की विक्री कमी दिसते.

तपासणी ७: ई-इन्व्हॉइस निघत असेल तर

उलाढाल ५ कोटींच्या वर असेल आणि गिऱ्हाईक नोंदणीकृत असेल तर ही तपासणी लागू. यात `OthChrg` नावाचा एक रकाना आहे आणि नावामुळे सगळे कार्डाचे पैसे तिथे टाकतात. पण हा रकाना कर लागून झाल्यावर बेरजेत मिळवला जातो. तिथे गेलेला रुपया कराबाहेर गेला, शिवाय पोर्टल हरकतही घेत नाही. बरोबर असेल तर पैठणीची ओळ अशी दिसते:

```
"AssAmt": 40800.00, "GstRt": 5,
"CgstAmt": 1020.00, "SgstAmt": 1020.00,
"OthChrg": 0, "TotItemVal": 42840.00
```

`AssAmt` मध्ये ४०,००० च दिसत असतील आणि `OthChrg` मध्ये काही असेल तर चूक सापडली. २४ तासांच्या आत असाल तर आयआरएन, म्हणजे पोर्टलने बिलाला दिलेला नंबर, रद्द करून नवं बिल काढा. त्यानंतर पोर्टलवर रद्द होत नाही.

इथे थांबा आणि सीएंना फोन करा

चालू महिन्यातली बिलं, विवरणपत्र भरलेलं नाही, तिथपर्यंत वरचं सगळं तुम्ही आणि तुमचा अकाउंटंट करू शकता. जीएसटीआर-१ भरलं पण त्याच महिन्याचं ३बी बाकी आहे, तर जीएसटीआर-१ए मधून दुरुस्ती होते, तीही जमेल.

पण मागचे महिने किंवा मागची वर्षं चुकलेली निघाली तर हात लावू नका. कमी भरलेला कर डीआरसी-०३ या फॉर्मने आपणहून भरता येतो, त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज लागतं. मात्र कुठल्या वर्षाला कुठलं कलम आणि दंड टळतो की नाही, हे सीएंनी ठरवायचं. नोटीस आली असेल तर उत्तराचा मसुदाही तुम्ही लिहू नका. अठरा टक्के लावून जास्त कर घेतला असेल, २,५०० च्या सीमेवरची बिलं बरीच असतील, किंवा जुन्या उधारीचे पैसे दोन महिन्यांनी कार्डावर घेऊन तेव्हा चार्ज लावला असेल, तर हीच वाट. कंपोझिशनमध्ये असाल तर बिलात कर दाखवायचाच नसतो. तिथे कार्डाचे पैसे थेट उलाढालीत धरा आणि मर्यादेच्या जवळ असाल तर सीएंना आधी विचारा.

जाताना त्यांच्याकडे तीन गोष्टी न्या: महिनावार मशीनचं स्टेटमेंट, त्याच दिवसांची बिलांची यादी आणि ‘कार्ड चार्ज’ व ‘बँक चार्जेस’ या दोन्ही खात्यांचे उतारे. फरकाची बेरीज आधीच काढून नेलीत तर त्यांचे दोन तास वाचतील, आणि फीही तेवढीच कमी.

आता विचाराल तर मी माझ्या दुकानदारांना कार्डावर जादा घ्यायचंच बंद करायला सांगतो. भाव दोन टक्क्यांनी वर ठेवा आणि रोखीने देणाऱ्याला बिलातच सूट दाखवा. बिलात लिहिलेली सूट मूल्यातून वजा होते, कर आपोआप बरोबर बसतो. त्या पैठणीच्या दुकानात आता असंच चालतं. मालक अजून कुरकुरतात की रोखीवाल्याला सूट देताना जीव जातो. पण स्लिपा आणि बिलं गेले आठ महिने पैशापैशाने जुळत आहेत.